राखीच्या दिवशी भावाबहिणीने मिळून म्हणायचे गाणे: भांडणाच्या आठवणीपासून शेवटच्या ओळीपर्यंत

राखीच्या दिवशी बहिणीने आणि भावाने समोरासमोर बसून म्हणायचे तीन मिनिटांचे सवाल-जबाबाचे गाणे घरच्या घरी कसे रचावे, हे या लेखात सांगितले आहे. गाणे लहानपणच्या भांडणांचे, चिडवण्याचे आणि दिलेल्या वचनांचे आहे. उदाहरण म्हणून मी आमचेच गाणे घेतले आहे, कारण त्याची प्रत्येक ओळ कशी आली आणि कोणती ओळ का टाकून दिली हे मला ठाऊक आहे. आम्ही दोघे इंदूरला रामबागेत वाढलो. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असून आता पुण्याला राहतो आणि राखीला येतो.

पहिल्या वर्षी मी एकटीनेच गाणे लिहिले होते, दादाच्या ओळीसुद्धा. त्यात रेशमाचा धागा होता, भावाची माया होती, श्रावणाच्या सरी होत्या. दादाने कागद हातात धरून ते नीट म्हटले, पण त्याचा चेहरा शाळेच्या समूहगीतात उभ्या केलेल्या मुलासारखा होता. त्या ओळी कोणत्याही भावाच्या तोंडी चालल्या असत्या, म्हणून त्या त्याच्या नव्हत्या. श्रावणाचीही एक अडचण आमच्याकडे आहे. आपला महिना अमावास्येला संपतो आणि हिंदी भाषकांचा पौर्णिमेला. त्यामुळे शेजारच्या माळवी घरांत राखीच्या दिवशी श्रावण संपतो, तर आपला जेमतेम अर्धा झालेला असतो. जेथे दोन्ही प्रकारची माणसे बसलेली असतात तेथे श्रावणावर उभा केलेला मुखडा निम्म्या लोकांना निरोपाचा वाटतो आणि निम्म्यांना आगमनाचा.

आधी दोघांच्या आठवणी वेगवेगळ्या जमवाव्यात

राखीच्या तीन आठवडे आधी कामाला लागावे. बहिणीने आपल्या आठवणी एका कागदावर लिहाव्यात आणि भावाला त्या न दाखवता फोन करावा. ‘तुला काय आठवते?’ असे मोघम विचारल्यास ‘आपण खूप भांडायचो’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी एकेका वस्तूचे नाव घेऊन विचारावे आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.

मी दादाला तीन गोष्टी विचारल्या. पहिली माझ्या लाल रिबिनीची. संक्रांतीच्या सुमारास त्याने आईची कात्री घेऊन माझी रिबीन कापली आणि गच्चीवर नेऊन पतंगाचे शेपूट केले, एवढे मला आठवत होते. दुसरी रविवारच्या पोहे-जिलबीची. बाबा सकाळी पुडा घेऊन येत, त्यात जिरावण मसाल्याची वेगळी पुडी असे. माझ्या ताटलीतली जिलबी मी पोह्यांवर जिरावण घालीपर्यंत नाहीशी होई. तिसरी सायकलची. ‘मागून सीट धरून ठेवीन, सोडणार नाही’ असे वचन देऊन त्याने मला सायकलवर बसवले आणि गल्लीच्या टोकाला चौक येताच हात सोडला, ही माझी चाळीस वर्षांची तक्रार होती.

जिलबीविषयी तो म्हणाला, ‘तू वेढे मोजायचीस. माझ्या जिलबीला एक वेढा जास्त असला की आईकडे जायचीस.’ हे मी पार विसरले होते. सायकलविषयी तो म्हणाला, ‘मी थांबलो कुठे? मी मागे धावत होतो. घरापर्यंत.’ मी त्या दिवशी मागे वळून पाहिले नव्हते, त्यामुळे हे मला कधी कळलेच नव्हते. फोन ठेवल्यावर मी काही वेळ तशीच बसून राहिले.

या प्रकारच्या गाण्याचे सारे बळ येथे आहे. भावाच्या ओळी भावाकडूनच मिळवाव्यात, आपल्या आठवणीतून तयार करू नयेत. बहिणीने आरोप करावा आणि भावाने केवळ ‘चुकलो’ म्हणावे, असे झाल्यास गाणे एका बाजूला कलते. त्याच्या उत्तरात बहिणीला ठाऊक नसलेली निदान एक गोष्ट असावी. अशी गोष्ट मिळाली नाही तर ती आठवण सोडून दुसरी घ्यावी.

जमलेल्या आठवणींतून तीनच निवडाव्यात: एक भांडणाची, एक चिडवण्याची आणि एक वचनाची. निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. आठवणीत हातात धरता येईल अशी एखादी वस्तू असावी, जशी रिबीन, जिलबी किंवा सायकलची सीट. आणि ती आठवण आज सर्वांसमोर उच्चारल्यावर कोणाला टोचू नये. चिडवण्याच्या नावाबाबत हे विशेष जपावे. दादा मला नकटी म्हणत असे आणि आज मला त्याचे हसू येते, म्हणून ते गाण्यात आले. माझ्या एका मैत्रिणीला तिचा भाऊ रंगावरून हाक मारीत असे. तिने ते नाव गाण्यात घ्यायला नकार दिला आणि ते योग्यच होते. ज्याला चिडवले जात असे त्याला एकांतात विचारावे आणि त्याने क्षणभर जरी अडखळून ‘चालेल’ म्हटले तरी ते नाव वगळावे. मोठेपणीची भांडणे, घराची वाटणी, कोणाच्या लग्नात झालेला मानापमान, हे या गाण्यात अजिबात आणू नये. बालपणीच्या वस्तूंची आड घेऊन तो विषय काढला तरी घरच्यांना तो लगेच ओळखू येतो.

मुखडा: हात पुढे आलेला असताना काय म्हणायचे

मुखडा पुन्हा पुन्हा येतो, म्हणून त्यात राखी बांधण्याच्या क्षणीची कृती असावी. मी त्या क्षणाचे चित्र डोळ्यांसमोर आणले. पाटावर दादा बसला आहे, टिळा लावून झाला आहे, निरांजन तबकात आहे आणि त्याने उजवा हात पुढे केला आहे. येथे बहिणीने राखी बांधण्याऐवजी जुनी उधारी मागितली तर? त्यातून या ओळी आल्या:

बहीण:
हात जरासा मागे ने रे
आधी माझी रिबीन दे रे

भाऊ:
रिबीन गेली उडून वर गं
आता माझा हातच धर गं

बहीण भावाला ‘रे’ म्हणते आणि भाऊ बहिणीला ‘गं’ म्हणतो. त्यामुळे यमकाच्या शेवटी हे दोन शब्द ठेवल्यास ऐकणाऱ्याला डोळे मिटूनही कोण बोलते ते कळते. ज्या घरात मोठ्या भावाला ‘अहो दादा’ म्हणण्याची रीत आहे तेथे अर्थातच ‘रे’ चालणार नाही आणि मुखडा ‘हो’वर बांधावा लागेल.

मात्रा मोजणे

गाणे चालीत बसावे यासाठी प्रत्येक ओळ सारख्या मात्रांची हवी. मी सोळा मात्रांची ओळ घेतली, आठ आणि आठ अशा दोन भागांची. केरवा हा ताल आठ मात्रांचा आहे. त्यामुळे एका ओळीत त्याची दोन आवर्तने बरोबर पुरी होतात आणि घरात तबला वाजवणारा कोणी नसला तरी टाळी देऊन गाता येते.

मोजण्याचा नियम असा. अ, इ, उ, ऋ या ऱ्हस्व स्वरांच्या अक्षराला एक मात्रा, बाकीच्या दीर्घ स्वरांना दोन. अनुस्वार असलेल्या अक्षराला दोन. ज्या अक्षराच्या पुढे जोडाक्षर येऊन त्याचा आघात मागे बसतो, त्या अक्षरालाही दोन. मुखड्याची पहिली ओळ मोजून पाहू. ‘हात’ म्हणजे दोन आणि एक, तीन. ‘जरासा’ म्हणजे एक, दोन, दोन, मिळून पाच. झाले आठ. ‘मागे’ चार, ‘ने’ दोन, ‘रे’ दोन, हेही आठ. दुसऱ्या ओळीत ‘आधी’ चार, ‘माझी’ चार, ‘रिबीन’ एक-दोन-एक असे चार, ‘दे रे’ चार.

जोडाक्षराच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवावा. ‘कट्टी’ म्हणताना ट वर थांबावे लागते, म्हणून ‘क’ला दोन मात्रा मिळतात. पण ‘नव्हतं’ म्हणताना ‘न’वर आघात येत नाही, म्हणून ते एक-एक-दोन असे चारच. ‘म्हणून’मधला ‘म्ह’सुद्धा एकच. ‘घरापर्यंत’मध्ये मात्र रफार ठासून उच्चारला जातो, म्हणून तेथील ‘प’ दोन मात्रांचा आणि पूर्ण शब्द आठ मात्रांचा.

सर्वांत जास्त अडचण ‘घेऊन’, ‘कापून’, ‘मोजून’ अशा शब्दांची होते. लेखनाच्या नियमाप्रमाणे त्यांतील उपान्त्य उकार दीर्घ असतो आणि ‘घेऊन’च्या पाच मात्रा होतात. गाण्यात ते ‘घेउन’ असे ऱ्हस्व करून चारमध्ये बसवण्याची मुभा कवींनी नेहमीच घेतली आहे आणि बोलतानाही आपण जवळजवळ तसेच म्हणतो. कागदावर मात्र तो शब्द ऱ्हस्वच लिहावा, कारण भाऊ वाचून गाणार असेल तर दीर्घ पाहून तो तेथे रेंगाळतो आणि टाळी चुकते. उलट ‘उडून’ आणि ‘म्हणून’ मी दीर्घच ठेवले आहेत, कारण तेथे चौथ्या मात्रेची गरज होती.

ओळ मात्रांत बसत नसेल तेव्हा ‘मज’, ‘तव’, ‘दिधली’ असे जुने शब्द भरण्याचा मोह होतो. मी पहिल्या खर्ड्यात ‘आजीने मज दिधली होती’ असे लिहिले होते. मोजणी बरोबर होती, पण दोन वेण्यांची आठ वर्षांची मुलगी असे कधी भांडेल का? तीच ओळ भांडणाच्या भाषेत सुचेपर्यंत थांबावे. आम्ही इंदूरची मुले निम्मी भांडणे हिंदीतच करीत असू. म्हणून तुमच्या घरात ‘देख लेना’ हेच धमकीचे शब्द असतील तर ते खुशाल ठेवावेत. फक्त त्यांच्या मात्रा सातच होतात, म्हणून पुढे एक मात्रेचे अक्षर जोडून ‘देख लेना न’ असे म्हणता येते का ते पाहावे.

पहिला अंतरा: भांडण

बहीण:
कात्री घेउन निघालास तू
रिबीन कापुन पळालास तू

भाऊ:
पतंगास त्या शेपुट नव्हतं
रडशिल इतकं ठाउक नव्हतं

बहिणीच्या दोन ओळींत दोन क्रिया आहेत, निघणे आणि पळणे. विशेषण एकही नाही. भांडणाचा अंतरा क्रियापदांवर चालवावा, कारण ‘किती रे तू खोडकर’ यासारख्या ओळीला भाऊ उत्तर देऊ शकत नाही. ‘कापुन पळालास’ या आरोपाला देता येते. भावाच्या पहिल्या ओळीत कारण आहे आणि दुसऱ्या ओळीत कबुली. ‘पतंगाला’ हा रोजचा शब्द मला हवा होता, पण तो सात मात्रांचा होतो आणि आठच्या जागेत त्याच्यापुढे ‘त्या’ बसत नाही, म्हणून ‘पतंगास’ घेतला. ‘शेपुट’ आणि ‘ठाउक’ यांचे यमक पक्के जुळत नाही. तेथे ‘नव्हतं’ हा पुन्हा आलेला शब्दच कानाला पुरेसा होतो. पक्क्या यमकासाठी ‘रडशिल इतकं ठाउक नव्हतं’ ही ओळ मी सोडून दिली नसती, कारण फोनवर दादा अगदी हेच म्हणाला होता.

दुसरा अंतरा: चिडवणे

बहीण:
नकटी म्हणून चिडवायचास
जिलबी माझी पळवायचास

भाऊ:
वेढे मोजुन मागायचीस
आईला मग सांगायचीस

चिडवणे एकदा होत नाही, रोज होते. म्हणून येथे भूतकाळ ‘चिडवलंस’ असा न घेता ‘चिडवायचास’ असा रीतीचा घेतला आहे. भावाकडे तसाच ‘मागायचीस’. मराठीत या रूपातच सवय, लाड आणि तक्रार एकत्र येतात, आणि चारही शब्द आठ मात्रांचे असल्याने अंतरा झोकात चालतो. या अंतऱ्याला लय किंचित वाढवली तरी शोभते. जिलबीच्या वेढ्यांसारखा एक बारीक तपशील पुरे. जिरावण, पोहे, पुडा, बाबांची पिशवी हे सारे मी आधी भरून पाहिले होते, तेव्हा अंतरा रविवारच्या न्याहारीची यादी झाला आणि नकटी त्यात हरवून गेली.

तिसरा अंतरा: वचन

बहीण:
‘धरून ठेविन’ म्हणालास तू
चौक येताच थांबलास तू

भाऊ:
थांबलो कुठे? मागे होतो
घरापर्यंत धावत होतो

हा अंतरा शेवटी ठेवण्याचे कारण उघड आहे. वचनाचा अंतरा लिहिताना बहुतेक जण पुढच्या आयुष्याची वचने देऊ लागतात, ‘संकटी धावीन’, ‘पाठीशी राहीन’, आणि गाणे त्याच जागी सैल होते. येथे वचन जुनेच असावे, एकदा दिलेले आणि बहिणीच्या मते मोडलेले. ते खरोखर मोडले होते का, एवढाच प्रश्न अंतऱ्यात राहावा. ‘सायकल’ हा शब्द कोठेही नाही, तरी आमच्या घरी सर्वांना प्रसंग ठाऊक असल्यामुळे तो लागत नाही. पाहुणे असतील तर गाण्याआधी एका वाक्यात सायकलची गोष्ट सांगून टाकावी. तो शब्द कोंबण्यासाठी ओळ मोडू नये.

‘थांबलो कुठे’ या तुकड्यात ‘लो’ हे अक्षर चौथ्या मात्रेवर सुरू होऊन पाचवीवर ओघळते. ‘म्हणालास तू’, ‘चौक येताच’, ‘घरापर्यंत’ यांतही तेच होते. चार-चारच्या सरळ टाळीला लागणारा हा छोटा धक्का चूक नाही. भांडताना आवाज असाच पुढे सरकतो. सरावात मात्र तेथे टाळी अडखळते. म्हणून आधी चाल न लावता फक्त टाळीवर ओळी बोलून पाहाव्यात, पाच-सहा वेळांत त्या जिभेवर बसतात.

या अंतऱ्यानंतर मुखडा जसाच्या तसा म्हणता येत नाही. भाऊ घरापर्यंत धावत होता हे कळल्यावर बहीण रिबीन कशी मागेल? म्हणून शेवटचा मुखडा बदलला:

बहीण:
हात जरासा पुढेच ने रे
रिबीन आता राहू दे रे

भाऊ:
रिबीन गेली उडून वर गं
आता माझा हातच धर गं

बोलताना आपण ‘हात पुढे कर’ म्हणतो, ‘पुढे ने’ म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पहिल्या ‘मागे ने’ची आठवण तेथेच जागी व्हायला हवी होती, म्हणून तो शब्द राहू दिला. भावाच्या दोन ओळींत एक अक्षरही बदललेले नाही. तरी आता त्या वेगळ्या ऐकू येतात.

चाल आणि दोघांचा सूर

दुसऱ्या वर्षीचा आमचा घोटाळा येथे झाला. ओळी चांगल्या होत्या, पण मी पेटीवर माझ्या सोयीची काळी पाच ही पट्टी लावली आणि दादाचा आवाज अंतऱ्यात वर जाऊन फाटला. पुरुषाचा षड्ज, म्हणजे सा, साधारण काळी एकच्या आसपास सोयीचा असतो आणि स्त्रीचा काळी चार किंवा पाचच्या. एकाच सुरात दोघांनी गायचे असेल तर षड्ज कोणाचाही घेतला तरी दुसऱ्याची पट्टी वेगळ्या जागी पडते.

घरगुती उपाय सोपा आहे. षड्ज काळी एक ठेवावा. भावाने मध्य सप्तकातल्या सा पासून तार सा पर्यंत गावे. बहिणीने त्याच सुरात, आपल्या सप्तकात, मंद्र पंचमापासून, म्हणजे खालच्या प पासून, मध्य पंचमापर्यंतच फिरावे, त्यापुढे चढू नये. तिला तो मध्य पंचम काळी चारचा तार षड्जच पडतो, त्यामुळे आवाज ताणला जात नाही. म्हणजे बहिणीच्या ओळी सा च्या खाली-वर खेळतात आणि भावाच्या ओळी सा पासून वर जातात. मुखडा दोघांना म्हणायचा असल्याने तो सा ते प एवढ्याच जागेत बांधावा. आमच्या मुखड्याची चाल अशी आहे. अवग्रहाची खूण म्हणजे आधीचा स्वर आणखी एक मात्रा लांबवायचा, आणि उभी रेघ आठ मात्रांनंतर आहे.

हात जरासा मागे ने रे:
सा ऽ रे रे ग ऽ ग ऽ | म ऽ ग ऽ रे ऽ सा ऽ

आधी माझी रिबीन दे रे:
ग ऽ ग ऽ म ऽ प ऽ | म ग ऽ रे रे ऽ सा ऽ

सारे स्वर शुद्ध आहेत. ‘रिबीन’चा ‘बी’ दोन मात्रांचा असल्याने तेथे गंधार लांबतो आणि हट्टी मुलीने शब्द ओढून म्हणावा तसा तो ऐकू येतो. भावाने आपल्या दोन ओळी याच चालीवर म्हणाव्यात. अंतऱ्यात बहिणीने सा वर सुरुवात करून मंद्र पंचमाला जाऊन यावे, भावाने पंचमावर सुरुवात करून तार सा ला स्पर्श करावा आणि दोघांनीही अंतऱ्याचा शेवट सा वर करावा, म्हणजे मुखडा अलगद हाती येतो. येथे दिलेल्या पट्ट्या साधारण आवाजांच्या आहेत. भावाचा आवाज फुटण्याच्या वयातला असेल किंवा दोघे लहान मुले असतील तर पेटीवर एकेक पट्टी खाली-वर करून पाहण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

एक ओळ सहा सेकंदांत संपेल एवढी लय ठेवावी. मुखड्याच्या चार ओळी, तीन अंतऱ्यांच्या बारा, पहिल्या दोन अंतऱ्यांनंतर बहिणीच्या मुखड्याच्या प्रत्येकी दोन आणि शेवटचा बदललेला मुखडा चार ओळींचा, अशा चोवीस ओळी होतात. म्हणजे दोन मिनिटे आणि चोवीस सेकंद. मधे पेटीचे एकेक आवर्तन धरले तरी तीन मिनिटांच्या आत गाणे संपते. निरांजन हातात घेऊन बसलेल्या माणसांना याहून जास्त थांबवू नये.

सराव आणि तो दिवस

भाऊ दुसऱ्या गावी असेल तर फोनवर एकत्र गाण्याचा प्रयत्न करू नये. आवाज पोहोचायला लागणाऱ्या वेळामुळे दोघांची टाळी कधीच जुळत नाही आणि प्रत्येकाला दुसरा मागे पडल्यासारखे वाटते. बहिणीने मोबाईलवरचा तबला आणि तानपुरा लावून आपल्या ओळी ध्वनिमुद्रित कराव्यात आणि भावाच्या ओळींच्या जागी ताल तसाच चालू ठेवून रिकाम्या आवर्तनांसह पाठवाव्यात. भावाने कानात ते लावून त्या रिकाम्या जागी आपल्या ओळी म्हणाव्यात. आठवडाभर रोज दोनदा केले की पाठांतर होते. आदल्या दिवशी समोरासमोर एकदाच म्हणावे, जास्त नको. तिसऱ्या अंतऱ्याचे उत्तर वारंवार ऐकल्यास ते बोथट होते. आम्ही तर तो अंतरा आदल्या दिवशी वगळलाच होता.

त्या दिवशी आधी औक्षणाची तयारी, टिळा आणि अक्षता हे सारे उरकून घ्यावे आणि राखी तबकात तशीच ठेवून गाणे सुरू करावे. नारळीभाताचे पातेले त्याआधीच खाली उतरवलेले असावे, नाहीतर करपल्याचा वास येऊन बहीण दुसऱ्या अंतऱ्यात उठून जाते. भावाने पहिल्या ओळीला खरोखर हात मागे घ्यावा आणि बदललेल्या मुखड्याला पुन्हा पुढे करावा. शेवटच्या ‘धर गं’वर पेटी आणि टाळी तेथेच थांबवावी, मुखडा परत घेऊ नये. त्या शांततेत बहिणीने राखीची गाठ मारायला घ्यावी. यंदा मी गाठ मारीत असताना दादाने खिशातून कागदाची पुडी काढून तबकात ठेवली. तिच्यात दोन हात लांबीची नवी लाल रिबीन होती.